विज्ञानकथेतल्या जगाचे नियम कृतीतून कसे उलगडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकासाठी किंवा स्पर्धेसाठी तीन-चार हजार शब्दांची विज्ञानकथा लिहायला घेतलेल्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच कथा उदाहरण म्हणून वापरली आहे. ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका तळावर घडते आणि प्रश्न २ मध्ये उभी राहते, म्हणून निदान तो प्रश्न आधी वाचावा.

१. जगाची माहिती तर द्यावीच लागते. मग "तुम्ही माहिती ओतली आहे" असं संपादक नेमकं कशाला म्हणतात?

प्रसंग थांबतो, पात्रं जागच्या जागी उभी राहतात आणि निवेदक वाचकाकडे वळून बोलू लागतो, त्याला. माहिती किती आहे यापेक्षा ती आली तेव्हा कथेतला वेळ चालू होता का, हे महत्त्वाचं.

मराठीत हे ओळखायची एक सोपी खूण क्रियापदांत सापडते. प्रसंग चालू असतो तेव्हा क्रियापदं "उठली", "पुसलं", "म्हणाला" अशी येतात. निवेदक शिकवायला लागला की ती "असे", "लागे", "जात असत", "करावं लागतं" अशी होतात. आपल्या खर्ड्यात अशा रीतीच्या वाक्यांखाली रेघ मारत जा. एखादं वाक्य आलं तर काही बिघडत नाही. सलग तीन-चार आली की तिथे कथा थांबली आहे असं समजा. "कारण" आणि "म्हणजेच" ही दोन अव्ययं एकाच परिच्छेदात भेटली तरी तीच शंका घ्यावी.

२. नियम "कृतीतून दाखवा" असं सगळेच सांगतात. प्रत्यक्ष लिहिताना काय करायचं?

नियम कुणाला तरी अडवतो तो क्षण शोधायचा. कुणालाही न अडवणारा नियम कृतीत दिसत नाही, तो फक्त सांगता येतो. म्हणून प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा: हा कुणाचा हात धरतो, मोडला तर काय किंमत पडते, आणि रोज पाळणारी माणसं त्यातून कुठे पळवाट काढू बघतात?

आपल्या कथेचा नियम खऱ्या विज्ञानातला आहे. पहिल्या खर्ड्यात तो बहुधा असा येतो:

> तळावर हवेचा दाब पृथ्वीइतकाच ठेवलेला असे. स्पेससूटमध्ये मात्र तो त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असे. त्यामुळे बाहेर पडण्याआधी चार तास शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागे, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होत. मध्येच मास्क काढला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

यातलं विज्ञान बरोबर आहे, फक्त मोजणी पहिल्यापासून करण्याची सक्ती आपल्या कथेतल्या तळाची. खोल पाण्यातून घाईनं वर येणाऱ्या पाणबुड्यांना जो आजार होतो, तोच इथे अंतराळवीराला होऊ शकतो. पण चारही वाक्यं रीतीची आहेत आणि एकही माणूस समोर नाही. आता तीन प्रश्न विचारू. नियम हात कुणाचा धरतो? ज्याला चार तास मास्क लावून बसायचं आहे त्याचा. किंमत काय? घड्याळ मागे जातं, आणि घाई केली तर शरीर भोगतं. पळवाट कुठे? एका क्षणासाठी मास्क सरकवण्यात.

> फळ्यावर सुजयच्या नावापुढे लिहिलं होतं, ५:३० ते ९:३०. त्याखाली नलिनी, ६:०० ते १०:००.
>
> घड्याळात आठ वाजले होते. सुजयनं मास्क कपाळावर सरकवला, शिंकला, नाक पुसलं आणि मास्क पुन्हा बसवला. कदमसाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी ९:३० बोटानं पुसलं आणि तिथे १२:०० लिहिलं.
>
> "साहेब, एक शिंक हो!"
>
> "मी वीस मिनिटं वाचवली होती," कदम म्हणाले आणि त्यांनी डावा हात वर नेला. तो खांद्याच्या वर गेला नाही.

"नायट्रोजन" हा शब्द इथे कुठेच नाही. तरी वाचकाला चार तास कळले, मास्क काढला की मोजणी नव्यानं सुरू होते हे कळलं, आणि घाई केली तर शरीर कायमचं अधू होऊ शकतं हेही कळलं. साडेनऊचे बारा का झाले याचा हिशेब त्यानं स्वतः केला. स्वतः केलेला हिशेब वाचक शेवटपर्यंत विसरत नाही, आणि कथेच्या शेवटी आपल्याला नेमकी त्याचीच गरज पडणार आहे (प्रश्न ९).

बुडबुड्यांचं कारण पुढे डॉक्टरच्या तोंडी अर्ध्या वाक्यात आलं तर येऊ द्या. परिणाम आधी आणि कारण नंतर, हा क्रम बहुतेक वेळा चालतो. उलटा क्रम पाठ्यपुस्तकासारखा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकाला वाचकाला आधी घाबरवायचं नसतं.

३. एका लघुकथेत किती नियम बसतात?

माझ्या मते मुख्य एकच, आणि त्याच्याच पोटातून निघालेले एक-दोन. चार तासांचा नियम मुख्य. मास्क काढला की मोजणी पहिल्यापासून, हा त्याचाच उपनियम. मास्कची नळी भिंतीला जोडलेली आहे आणि ती ठरावीक अंतरापुढे जात नाही, हा दुसरा. एवढ्यावर तीन हजार शब्द सहज उभे राहतात.

चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असतं, धूळ कपड्यांना चिकटते, ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला घासून फिरतो, हे सगळंही खरं आहे. त्याला नियमाचा मान देऊ नका. सांडलेला चहा सावकाश खाली आला एवढं एका क्रियापदात दिसलं की पुरे. ज्या गोष्टीवर शेवटचा निर्णय अवलंबून नाही, तिला स्वतंत्र प्रसंग देऊ नये.

४. पहिल्या परिच्छेदात किती सांगावं? काहीच सांगितलं नाही तर वाचक पळून जातो ना?

काहीच न सांगणं हीही चूकच. पहिल्या परिच्छेदात वाचकाला माणूस कोण, तो आत्ता काय करू पाहतो आहे आणि त्याला काय अडवतं आहे, एवढं लागतं. आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाज आला तर उत्तम. नियमाचं पूर्ण रूप मात्र लागत नाही.

सुरुवात अशी करता येईल: कुणीतरी नलिनीसमोर चहाचा कप ठेवतं, ती घड्याळाकडे बघून मान हलवते आणि चहावर साय धरू लागते. मास्क आहे, घड्याळ आहे आणि चहा पिता येत नाही. हे का, असं वाचकाच्या मनात येतं आणि तो पुढचा परिच्छेद वाचतो. त्या "का"चं उत्तर त्याला पानभरात मिळायला हवं. दोन पानं उलटूनही ते मिळालं नाही, तर उत्सुकतेचं रूपांतर वैतागात होतं (दोन्हींतला फरक कसा ओळखायचा ते प्रश्न ७ मध्ये).

५. पात्रांच्या संवादातून माहिती दिली तर ते कृतीतून दाखवणंच झालं ना?

बहुतेक वेळा नाही. "नलिनी, तुला माहीतच आहे की बाहेर जाण्याआधी आपल्याला चार तास ऑक्सिजन घ्यावा लागतो" हे वाक्य अवतरणचिन्हांत असलं तरी निवेदकाचंच आहे. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट माणसं एकमेकांना पूर्ण वाक्यात सांगत नाहीत. "तुला माहीतच आहे" हे शब्द दिसले की वाक्य खोडा.

दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टीवर माणसं बोलतात ती भांडताना, हुकूम देताना, काम एकमेकांच्या हाती सोपवताना किंवा काळजी करताना. तेव्हा ती नियम उच्चारत नाहीत, त्याच्या कडेकडेनं बोलतात:

> "पाणी तरी प्यायलीस का?"
>
> "पाच पन्नासला. आता दहापर्यंत नाही."

एवढ्या दोन ओळींत चार तासांचा नियम आणि त्याचा त्रास दोन्ही आले, आणि विचारणाऱ्याला नलिनीची काळजी आहे हेही आलं. संवादातली माहिती पारखायची असेल तर ते वाक्य बोलणाऱ्याला त्यातून काय हवं आहे ते विचारा. वाचकाला समजावं, याखेरीज दुसरं उत्तर सापडलं नाही तर ते वाक्य संवादातून काढा.

६. मग एखादं नवखं पात्र आणलं तर? त्याला सगळं समजावून सांगता येईल.

चालतं, पण पाहुणा म्हणून आणलेलं नवखं पात्र कथेवर ओझं होतं. ते फक्त "हे काय?", "ते का?" असं विचारत राहतं आणि शेवटी कुणाला आठवतही नाही. सुजय नवखाच आहे, पण तो काही विचारत नाही. तो चूक करतो. शिकाऊ माणसाची चूक आणि जाणत्याची प्रतिक्रिया यांत जेवढा नियम दिसतो, तेवढा प्रश्नोत्तरांत दिसत नाही. शिवाय त्या चुकीचा परिणाम कथानकात पुढे कामी आला, तर नवख्या पात्राचं असणं सार्थ होतं. सुजयच्या शिंकेचं तसंच होतं.

७. माझ्या मित्रांनी कथा वाचून "समजली" म्हटलं, पण स्पर्धेच्या परीक्षकांना ती क्लिष्ट वाटली. वाचक गोंधळला आहे की उत्सुक आहे हे कसं ओळखू?

"समजली का?" असं विचारूच नका. ओळखीचा माणूस "हो" म्हणतो. त्याऐवजी शेवटच्या पेचाच्या अलीकडे कथा थांबवा आणि वाचकाला भाकीत करायला सांगा. आपल्या कथेत प्रश्न असा असेल: "आता नऊ वाजलेत. नलिनीनं या क्षणी मास्क काढला तर काय होईल?"

"तिला एक वाजेपर्यंत बाहेर जाता येणार नाही" असं उत्तर आलं तर नियम पोचला आहे. "ती मरेल" असं आलं तर वाचकानं नियम चुकीचा बांधला आहे, त्याला तळातली हवाच विषारी वाटते आहे. ही गफलत या कथेत सहज होऊ शकते, कारण मास्क म्हटल्यावर बाहेरची हवा वाईट असंच मनात येतं. त्यावर उपाय सोपा आहे: कदमसाहेबांना मास्क लावू नका आणि पहिल्या पानावरच त्यांना चहाचा घोट घेताना दाखवा. चुकीच्या भाकितातून नेमकी कुठली कृती कमी पडली ते असं कळतं. "थोडं क्लिष्ट वाटलं" या शेऱ्यातून ते कधीच कळत नाही.

उत्सुक वाचक प्रश्न विचारतो तो पुढे काय होईल याबद्दल. गोंधळलेला वाचक मागचं पान उलटतो. शक्य असेल तर कुणाला तरी समोर बसून वाचायला द्या आणि पान कुठे मागे उलटलं जातं ते बघा.

८. सरळ एका वाक्यात सांगून टाकलेलं कधी चालतं?

चालतं, आणि काही ठिकाणी तेच योग्य. प्रसंग आधीच तापलेला असेल आणि वाचकाला एकाच आकड्याची गरज असेल, तर तो आकडा देऊन पुढे जा. रोव्हर घेऊन बाहेर गेलेला इरफान अडकल्याची बातमी साडेआठला येते तेव्हा "इरफानकडे साडेअकरापर्यंतची हवा होती" एवढं निवेदकानं सांगावं. त्यासाठी मापकाची सुई, नियंत्रण कक्ष, तिसऱ्याच माणसाचा प्रश्न अशी मांडामांड केली तर वेग जातो.

सांगण्याचा हक्क प्रसंगानं कमवावा लागतो. वाचकाला एखादी गोष्ट हवी असते त्या क्षणी ती सांगितली तर तो उपदेश वाटत नाही. त्याला ती नको असताना सांगितली की तीच गोष्ट ओतल्यासारखी वाटते. कृतीतून दाखवण्याच्या हट्टापायी साध्या गोष्टीसाठी अर्धं पान खर्च केलेल्या कथाही मी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि त्या तितक्याच जड होतात.

९. शेवटचा धक्का जगाच्या नियमावरच बेतलेला असेल तर नियम आधी उघड केला की धक्का जातो, नाही केला तर वाचक फसवणूक म्हणतो. काय करावं?

नियम उघड करा आणि त्याचा एक परिणाम न मोजलेला ठेवा. आपल्या कथेचा शेवट असा आहे.

इरफानकडे साडेअकरापर्यंतची हवा आहे आणि त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो. सुजय बाराआधी बाहेर पडू शकत नाही. नलिनी दहाला निघू शकते, म्हणजे तीच एक आशा. नऊ वाजता शेजारच्या कक्षात धूर होतो. तो रोखणाऱ्या झडपेचा दांडा उंचावर आहे आणि दोन्ही हातांनी खाली ओढावा लागतो. नलिनीची नळी तिथवर पोचत नाही. कदमांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. दांडा ओढायचा तर नलिनीला मास्क काढावा लागेल, मग तिचे दहाचे एक होतील आणि इरफान गेला.

वाचक हा हिशेब करून हताश होतो, आणि त्याच वेळी सुजय मास्क काढून धावतो. त्याचे बारा वाजलेच होते, त्याच्या मास्कवर आता कुणाचाच जीव अवलंबून नाही. नवा नियम आला नाही. आठ वाजता फळ्यावर पुसलेला आकडा वाचकानं शिक्षा म्हणून पाहिला होता, तो आता मोकळीक म्हणून दिसतो. नळीची लांबी आणि कदमांचा खांदा हेही त्याच्या डोळ्यांसमोरच होते. वाचकाला शेवट ओळखता आला असता आणि तरी त्यानं ओळखला नाही, असा धक्का टिकतो.

यासाठी शेवटात वापरायची गोष्ट आधी निदान दोनदा, दोन वेगळ्या निमित्तांनी दिसायला हवी. नळी एकदा चहाचा कप सरकवताना नलिनीच्या मानेला ओढ देते, आणि दुसऱ्यांदा ती खिडकीपर्यंत जाऊ बघते तेव्हा. दोन्ही वेळा कारण क्षुल्लक असावं. धोक्याच्या प्रसंगात नळी दाखवली तर वाचक लगेच सावध होतो.

१०. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर? "मी"ला तर सगळं माहीत असतं.

आधी ठरवा की "मी" कुणाशी बोलतो आहे. नलिनी नंतर चौकशी समितीसमोर जबाब देत असेल तर समितीला नियम ठाऊक आहेत, ती ते सांगणार नाही, फक्त वेळा अचूक सांगेल. ती पृथ्वीवरच्या आईला पत्र लिहीत असेल तर मात्र "आई, इथे चहा प्यायचा म्हणजे आधी फळा बघावा लागतो" असं अगदी सहज येईल. ऐकणारा बदलला की काय सांगण्यासारखं आहे तेही बदलतं.

"मी"ला ठाऊक असलेला नियम मुद्दाम लपवून शेवटी उघड करणं मला पटत नाही. प्रश्न ९ मधली प्रामाणिक वाट इथेही उपलब्ध आहे.

११. माझा नियम खऱ्या विज्ञानातला नाही, पूर्ण कल्पित आहे. तरी हीच रीत चालेल का?

चालेल, फक्त एक जादा काम करावं लागतं. खऱ्या नियमाची मर्यादा वाचकाला अर्धीमुर्धी ठाऊक असते. कल्पित नियमाची मर्यादाही तुम्हालाच दाखवावी लागते. समजा, आठवणी विकता येतात आणि विकलेली परत मिळत नाही. धाकटी बहीण आईचं अंगाईगीत गुणगुणते आणि थोरली विचारते, "नवीन आहे का गं?" विक्री झाली हे इथे कळलं. पण वाचक लगेच मनात म्हणतो, बहिणीनं आठवण करून दिली की झालं! म्हणून दुसरा छोटा प्रसंग हवा. धाकटी सगळं सांगते, आईचा फोटो दाखवते, थोरली लक्ष देऊन ऐकते आणि म्हणते, "छान होती म्हणजे." आता पळवाट बंद झाली. वाचकाला सुचणारी सगळ्यात सोपी पळवाट कथेच्या पहिल्या अर्ध्यातच बंद करा.

१२. विज्ञान जाणणारा वाचक खोडी काढेल. "तळातला दाबच कमी का ठेवला नाही?" याचं उत्तर कथेत कुठे द्यायचं?

खोडी रास्त आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हवेचा दाब समुद्रसपाटीइतका, सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि तिथल्या अमेरिकी स्पेससूटमध्ये सुमारे ३०. म्हणून तिथे ऑक्सिजन घेत थांबावं लागतं. तो वेळ कमी करण्यासाठी व्यायाम करत ऑक्सिजन घेणं किंवा आदली रात्र एअरलॉकमध्ये कमी दाबात झोपणं असे उपाय केले गेले आहेत. चंद्रावरच्या भावी तळांसाठी दाब कमी आणि ऑक्सिजनचं प्रमाण जास्त ठेवण्याचा विचार याच कारणानं होतो. त्यात आगीचा धोका वाढतो, ही त्याची दुसरी बाजू.

हे सगळं तुम्हाला ठाऊक हवं. कथेत मात्र त्यातली एकच तक्रार पुरते. सुजय कुरकुरतो, "नव्या तळावर म्हणे वीस मिनिटांत बाहेर पडतात." कदम म्हणतात, "मग तिकडे बदली माग." आपला तळ जुना आहे, लेखकाला पर्याय माहीत आहे आणि इथली माणसं मागे राहिली आहेत, हे जाणकाराला यातून कळतं. ज्याला विज्ञान ठाऊक नाही त्याला ती नोकरीतली नेहमीची कुरकुर वाटते. दोघांचंही वाचन अडत नाही.

१३. कथा पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की एक नियम पेरायचा राहिला. नवीन प्रसंग घालू का?

आधी जुन्या प्रसंगांत जागा शोधा. शेवटातल्या निर्णयापासून मागे येत, पात्र जिथे काहीतरी क्षुल्लक करतं आहे अशा जागांवर खूण करा: जेवण, आवराआवर, वाट बघणं. नियम तिथे त्यांच्या आड येईल असं एखादं क्रियापद बदला. "नलिनीनं कप उचलला"च्या जागी "नलिनीनं कप उचलायला हात लांब केला, नळी ताणली गेली, तिनं पायानं टेबलच जवळ ओढलं" असं केलं की नळी पेरली गेली आणि प्रसंगही वाढला नाही. नव्यानं घातलेला प्रसंग बहुतेकदा उघडा पडतो, कारण त्याला नियम सांगण्याखेरीज दुसरं काम नसतं.

१४. शब्दमर्यादा ओलांडली आहे. माहितीपैकी आधी काय कापू?

आधी कारणं कापा, मग इतिहास आणि सगळ्यात शेवटी परिणाम. तळ कधी उभारला, कोणत्या देशांनी मिळून उभारला, एअरलॉकला किती दारं आहेत, हे पहिल्या फेरीत जाईल. नायट्रोजनचं स्पष्टीकरण दुसऱ्या फेरीत गेलं तरी कथा उभी राहते. फळ्यावरचा पुसलेला आकडा, कदमांचा न उचलला जाणारा हात आणि ताणलेली नळी या तिघांना मात्र हात लावू नका. त्यातलं एक जरी गेलं तरी सुजयनं मास्क का काढला आणि दुसऱ्या कुणी का नाही, हे शेवटी निवेदकाला समजावून सांगावं लागेल, आणि त्यात कापलेल्या शब्दांपेक्षा जास्त शब्द जातील.